मूल नुसतंच ‘हॅलो’ म्हणतं, तेव्हा काय उत्तर द्यावं?

तीन-साडेतीन वर्षांची मुलं दिवसातून कितीतरी वेळा जवळ येतात, ‘हॅलो’ म्हणतात आणि नुसती उभी राहतात. त्यांना भूक लागलेली नसते, शू आलेली नसते आणि खेळणंही हवं नसतं. ‘काय रे, काय पाहिजे?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘काही नाही.’ दोन मिनिटांनी पुन्हा ‘हॅलो’ ऐकू येतो. याबद्दल पालक आणि त्याहून जास्त आजी-आजोबा आम्हाला विचारतात. मूल चंचल आहे का, लक्ष वेधून घ्यायची सवय लागली आहे का, की बोलण्यातच काही कमी आहे, असे प्रश्न त्यांच्या मनात असतात. बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. पण त्या ‘हॅलो’ला आपण काय उत्तर देतो, यावर मुलाला पुढे बोलायला मिळणार की नाही हे ठरतं. म्हणून या लेखात फक्त तेवढ्याच प्रसंगाबद्दल बोलू.

आधी हाक, मग विषय

मोठी माणसं बोलायला लागतात तेव्हा विषय आधी डोक्यात असतो. दुधाचा हिशोब करायचा असतो किंवा लाइट बिल भरलं का हे विचारायचं असतं, म्हणून आपण समोरच्याला हाक मारतो. लहान मुलाचं नेमकं उलटं असतं. त्याला आधी समोरचं माणूस हवं असतं. माणूस मिळालं की त्याचा चेहरा, हातातली वस्तू, खिडकीबाहेरचा आवाज यातून विषय सापडतो. म्हणजे ‘हॅलो’ हा मुलासाठी निरोपाचा मजकूर नसून दारावरची टकटक असते. त्याचा अर्थ साधारण ‘आहेस का? माझ्याकडे बघतेस का?’ असा असतो.

याच कारणामुळे ‘काय पाहिजे?’ हा प्रश्न मुलाला अडचणीत टाकतो. त्याला काही पाहिजे नसतं, म्हणून खरं उत्तर ‘काही नाही’ हेच असतं आणि ते दिलं की संभाषण संपतं. मग ते पुन्हा टकटक करतं, कारण बोलणं सुरू करण्याची त्याच्याकडे असलेली ती एकच खात्रीची युक्ती असते. वाक्य जुळवणं, विषय निवडणं, समोरच्याला आधीचं काय माहीत आहे याचा अंदाज घेणं हे सगळं अजून यायचं असतं. ‘हॅलो’ मात्र नक्की येतो, स्वच्छ उच्चारता येतो आणि त्याला उत्तर मिळतं हेही ठाऊक असतं.

एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणण्यामागे हट्ट नसतो. चेंडू आपल्याकडे टाकला आणि आपण तो हातात धरून ठेवला, तर मूल दुसरा चेंडू टाकतं. इथेही तेच होतं.

एक उदाहरण, दोन तऱ्हांनी

भायखळ्यातल्या एखाद्या जुन्या चाळीची गॅलरी डोळ्यांसमोर आणा. आई-बाबा कामावर गेले आहेत. आजी पाटावर बसून मेथी निवडते आहे आणि साडेतीन वर्षांचा नातू तिच्याजवळ येतो. पहिली तऱ्हा आपल्या सगळ्यांच्या घरात रोज घडते:

नातू: आजी, हॅलो!
आजी: काय रे, काय हवंय?
नातू: काही नाही.
आजी: मग जा, खेळ जा.

नातवाला दोनदा बोलायला मिळालं आणि दुसऱ्या वेळी तर नुसतं ‘नाही’ म्हणावं लागलं. आता हाच प्रसंग दुसऱ्या तऱ्हेने पाहा. आजी मेथी निवडायची थांबत नाही, फक्त मान वर करून त्याच्याकडे बघते.

नातू: आजी, हॅलो!
आजी: हॅलो सोन्या! आलास माझ्याकडे.
(आजी थांबते.)
नातू: मी आलो.
आजी: आलास. मी बघ, मेथी निवडतेय.
नातू (एक पान उचलून): हे छोटं.
आजी: अगदी छोटं. आणि हे बघ, मोठ्ठं.
(बराच वेळ कोणीच बोलत नाही.)
नातू: कावळा.
आजी: हो की! कठड्यावर बसलाय.
नातू: तो काव काव करतो. तो हॅलो करतो.
आजी: अस्सं! कावळा आपल्याला हॅलो म्हणतोय होय?
नातू: पेंगिन नाही बोलत हॅलो.
आजी: नाही बोलत? मग काय करत होता पेंग्विन?
नातू: पाण्यात पडला. धप्प!
आजी: धप्पकन पाण्यात उडी मारली त्याने!
नातू: मी गाडी आणतो.

आणि तो गाडी आणायला आत पळतो. हे सगळं दीड-दोन मिनिटांत झालं. नातू आठ वेळा बोलला. त्याने लहान-मोठं सांगितलं, कावळा दाखवला, कावळ्याचं ओरडणं म्हणजे त्याचा ‘हॅलो’ अशी स्वतःची कल्पना मांडली, आणि रविवारी राणीच्या बागेत पाहिलेली गोष्ट आठवून सांगितली. यातला कुठलाच विषय ‘हॅलो’ म्हणताना त्याच्या मनात नव्हता. आणि शेवटी विषय संपवून उठलाही तोच.

आजीने काय केलं ते आता नीट पाहू. पहिलं म्हणजे तिने हॅलोला हॅलोनेच उत्तर दिलं. हे अगदी साधं वाटतं, पण घाईत आपण नेमकं तेच गाळतो आणि थेट प्रश्नावर जातो. त्यानंतर ती एक छोटं वाक्य बोलली, तेही समोर दिसणाऱ्या गोष्टीबद्दल: ‘आलास माझ्याकडे’, ‘मेथी निवडतेय’. या वाक्यांना उत्तर द्यावंच लागतं असं नाही. मुलाला वाटलं तर ते पकडतं, नाही तर सोडून देतं. प्रश्नाचं तसं नसतं, तिथे उत्तराची सक्ती असते.

मूल मेथीवरून कावळ्याकडे गेलं तेव्हा आजीने त्याला परत मेथीकडे ओढलं नाही. आणि संपूर्ण बोलण्यात तिने खऱ्या अर्थाने एकच प्रश्न विचारला, पेंग्विन काय करत होता हा. कावळ्याबद्दलचं ‘म्हणतोय होय?’ हे तर नुसतं त्याचंच म्हणणं परत देणं होतं. पेंग्विनचा प्रश्न चालला, कारण त्याचं उत्तर आजीला माहीत नव्हतं. बागेत नातू गेला होता, ती गेली नव्हती. ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला माहीत नाही तो प्रश्न, आणि ज्याचं उत्तर माहीत असून मुलाला येतं का हे बघायला विचारलेला प्रश्न, यातला फरक मुलांना फार लवकर कळतो.

‘पेंगिन’ या उच्चाराबद्दलही पाहा. आजीने ‘पेंगिन नाही रे, पेंग्विन म्हण’ असं म्हटलं नाही. आपल्या वाक्यात तिने तोच शब्द बरोबर वापरला आणि पुढे गेली. ‘पडला’ला ‘उडी मारली’ असं नेमकं क्रियापद तिने त्याच रीतीने जोडून दिलं. मुलाचंच वाक्य थोडं भरून, दुरुस्त करून परत देणं ही वाक्-उपचारातली रोजची पद्धत आहे. घरात ती फुकट मिळते आणि मुलाला हिणवल्यासारखंही होत नाही.

थांबणं सगळ्यात अवघड

वर कंसात दोन ठिकाणी शांतता दाखवली आहे. माझ्या मते आजीने केलेल्या सगळ्या गोष्टींत हीच सर्वात महत्त्वाची आहे आणि मोठ्यांना हीच सर्वात कठीण जाते.

मोठी माणसं आपसात बोलतात तेव्हा एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा भाग इतकाच वेळ जातो. वेगवेगळ्या भाषांमध्ये मोजलं तरी हा आकडा याच्या आसपास येतो. आपल्या कानाला याची इतकी सवय असते की त्याहून लांब शांतता पडली की आपल्याला वाटतं, समोरच्याला बोलायचं नाही. तीन वर्षांच्या मुलाला मात्र आपलं बोलणं समजून घ्यायचं असतं, आपलं म्हणणं ठरवायचं असतं, शब्द शोधायचा असतो आणि मग तोंडाने तो जुळवायचा असतो. या सगळ्याला त्याला सेकंद-दोन सेकंद, कधी त्याहूनही जास्त लागतात. त्या वेळात आपण दुसरा प्रश्न टाकतो. मुलाच्या डोक्यात तयार होत आलेलं वाक्य तिथेच राहतं आणि ते नव्या प्रश्नाकडे वळतं. असं तीनदा झालं की ते गप्प बसतं आणि आपण म्हणतो, ‘हा बोलतच नाही.’

यावर एक उपाय सांगतो. आपलं वाक्य झालं की मनात सावकाश एक ते पाच मोजा. चेहरा मुलाकडे असू द्या, पण टक लावून बघू नका. हातातलं काम हळूहळू चालू ठेवलं तर उलट बरं, म्हणजे मुलाला आपण परीक्षेला बसलोय असं वाटत नाही. पाच आकड्यांनंतरही ते बोललं नाही, तर आणखी एक साधं वाक्य टाका. सुरुवातीला ही पाच सेकंदं फार लांब वाटतात. घड्याळ लावून बघा म्हणजे कळेल.

या टप्प्यावर काही मुलं ‘ह-ह-हॅलो’, ‘मी-मी-मी ना’ असं अडखळत बोलतात. दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान विचार पुढे आणि तोंड मागे राहतं, त्यामुळे असं होऊ शकतं. ‘नीट बोल’, ‘श्वास घे आणि मग बोल’ असं सांगू नये आणि त्याचं वाक्य आपण पूर्ण करू नये. आपलाच वेग थोडा कमी करावा. अडखळणं सहा महिन्यांहून जास्त चाललं, शब्दावर अडून आवाजच निघेनासा झाला, किंवा बोलताना चेहऱ्याला ताण पडू लागला, तर वाक्-उपचार तज्ज्ञांना दाखवावं.

प्रेमाने विचारलेले, पण बोलणं बंद करणारे प्रश्न

आपल्याकडे लहान मूल ‘हॅलो’ म्हणालं की शेजारीपाजारी, पाहुणे, दुकानदार सगळे एकाच साच्यातलं बोलतात. ‘नाव काय तुझं? शाळेत जातोस का? कुठल्या वर्गात? एबीसीडी म्हणून दाखव. नाक कुठंय? तू आईचा की बाबांचा?’ यामागे प्रेमच असतं, पण मुलाच्या बाजूने बघितलं तर ही तोंडी परीक्षा आहे. एकेका शब्दात उत्तरं द्यायची आणि बरोबर आलं तर शाबासकी मिळवायची. नाव सांगून झालं की त्यावर पुढे बोलायला काही उरत नाही. आणि ‘आईचा की बाबांचा’ याला तर बरोबर उत्तरच नाही. काहीही म्हटलं तरी कोणीतरी खोटं खोटं रुसतं, आणि ते खोटं आहे हे लहान मुलाला नेहमी कळतंच असं नाही.

दुसरा प्रकार म्हणजे फर्मान: ‘काकांना हॅलो म्हण. म्हण ना! काल तर म्हणत होतास.’ मूल आईच्या मागे लपतं आणि सगळ्यांसमोर ‘लाजतो हो फार’ असा शेरा मिळतो. पाहुण्यांना नमस्कार आपण करावा, मुलाला बघू द्यावा. दहा मिनिटांनी ते आपणहून गाडी घेऊन काकांच्या गुडघ्याशी येतं. तो त्याचा ‘हॅलो’च असतो. काकांनी फक्त ‘गाडी आली!’ एवढं म्हटलं तरी पुरतं.

देवाणघेवाणीचं वजन

मुलांशी ‘भरपूर बोला’ हा सल्ला सगळ्यांनी ऐकलेला असतो. त्यात थोडी दुरुस्ती हवी. 2018 साली अमेरिकेत रेचेल रोमियो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार ते सहा वर्षांच्या 36 मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांच्या घरातलं बोलणं ध्वनिमुद्रित केलं आणि मुलं गोष्ट ऐकत असताना त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. ज्या मुलांच्या घरी मोठे आणि मूल यांच्यात आलटून-पालटून बोलणं जास्त होत होतं, त्यांच्या मेंदूतला भाषेशी संबंधित भाग गोष्ट ऐकताना जास्त सक्रिय दिसला. मुलाच्या कानावर एकूण किती शब्द पडले यापेक्षा फेऱ्या किती झाल्या, याचा संबंध अधिक होता आणि तो घरच्या उत्पन्न-शिक्षणावर अवलंबून नव्हता. अभ्यास लहान आहे आणि त्यावरून एकामुळेच दुसरं झालं असं सिद्ध होत नाही. पण घरी काय करायचं यासाठी त्यातला संकेत उपयोगी आहे. मुलाला तासभर काहीबाही सांगत बसण्यापेक्षा त्याच्या एका ‘हॅलो’वर चार फेऱ्या होऊ देणं चांगलं. टीव्ही मागे चालू असेल तर तो बंद करावा, कारण त्या आवाजात मोठी माणसंच कमी बोलतात. भायखळ्यात रेल्वेचा आणि पुलावरच्या गाड्यांचा आवाज आपल्याला बंद करता येत नाही, टीव्हीचा येतो.

भाषा कुठली, याची चिंता करू नका. या भागात एकाच मजल्यावर मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती ऐकू येतं आणि मूल एकाला ‘हॅलो’, दुसऱ्याला ‘सलाम’, तिसऱ्याला ‘केम छो’ म्हणतं. यामुळे बोलायला उशीर होत नाही. आजीला मराठीत मोकळेपणाने बोलता येत असेल तर तिने मराठीतच बोलावं. शाळेसाठी म्हणून मोडक्या इंग्रजीत ‘हॅलो बेटा, व्हॉट आर यू डुइंग’ म्हणत राहिलं, तर चौथ्या वाक्याला तिचीच गाडी अडते.

हात मोकळा नसेल तर

दर ‘हॅलो’ला दोन मिनिटं देणं कोणत्याच घरात शक्य नाही आणि तशी गरजही नाही. कुकर लावलाय, धाकटं रडतंय, ऑफिसचा फोन चालू आहे, अशा वेळी नकार द्यावा, पण टकटक ऐकली हे मुलाला कळू द्यावं. ‘हॅलो राजा. मला आत्ता कुकरकडे बघायचंय. तीन शिट्ट्या झाल्या की मी तुला हॅलो करायला येईन.’ इथे ‘पाच मिनिटांत’ म्हणून उपयोग नाही, कारण तीन वर्षांच्या मुलाला पाच मिनिटं म्हणजे किती ते कळत नाही. शिट्ट्या ऐकू येतात, भात झाला की ताट दिसतं, बाबा आले की बेल वाजते. अशी खूण सांगावी आणि ती झाली की खरंच जावं. दोन-चारदा शब्द पाळला की वाट बघणं हळूहळू जमू लागतं. फोनमध्ये बघत, मान न वळवता ‘हं, हं’ करत राहणं मात्र टाळावं. त्यात नकारही नाही आणि उत्तरही नाही, म्हणून मूल आवाज चढवतं.

‘हॅलो’चा खेळच सुरू झाला, वीस वेळा तोच शब्द आला, तर तोही खेळून घ्या. एकदा कुजबुजत हॅलो, एकदा दारामागून, एकदा जाड आवाजात. मग बोलणं पुढे न्यायला हातात एखादी वस्तू द्या: ‘हा चमचा बघ, याला पण हॅलो हवाय.’ मूल हसून पुढे जाईल किंवा पुन्हा तेच करेल. आपल्याला कंटाळा आला तर ‘आता माझे हॅलो संपले, मी जरा आडवी पडते’ म्हणायला काहीच हरकत नाही.

गावच्या आजीचा फोन

इथल्या अनेक घरांत आजी-आजोबा कोकणात किंवा घाटावर असतात, काहींचे बाबा आखातात नोकरीला असतात. व्हिडिओ कॉलवर मूल ‘हॅलो’ म्हणतं, पलीकडून ‘हॅलो’ येतो आणि दोघांचंही अडतं. मग पलीकडून ठरलेली वाक्यं येतात: ‘ओळख बघू मी कोण? विसरलास ना मला? कधी येणार गावाला?’ यातल्या एकाचंही उत्तर मुलाच्या हातात नसतं.

कॉलवर बोलणं चालतं का? चालतं. सारा रोजबेरी आणि सहकाऱ्यांच्या 2014 च्या अभ्यासात दोन-अडीच वर्षांची मुलं प्रत्यक्ष व्हिडिओ कॉलवरून नवी क्रियापदं शिकली, पण तसंच बोलणं आधी मुद्रित केलेल्या व्हिडिओवरून शिकली नाहीत. पडद्यावरचं माणूस मुलाच्या बोलण्याला तिथल्या तिथे उत्तर देत होतं, हाच काय तो फरक. म्हणून पलीकडच्या माणसाने काहीतरी हातात धरून दाखवावं. कोंबडीचं पिल्लू, सोललेला फणस, विहिरीचा रहाट, अंगणातलं मांजर काहीही चालेल. ‘ही बघ, मनी झोपलीय’ म्हणून थांबावं. आवाज पोचायला वेळ लागतो, तेव्हा इथे पाचऐवजी सात-आठ आकडे मोजावे. तीन-चार मिनिटांनी मूल उठून गेलं तर तो अपमान मानू नये. लहान मुलाची भेट तेवढीच असते.

अनोळखी माणसांना ‘हॅलो’

भायखळा स्टेशनवर किंवा बसमध्ये मूल समोरच्या प्रवाशालाही ‘हॅलो’ म्हणतं. प्रवासी ओळखीचा नसेल तर त्याने हसून ‘हॅलो’ म्हणावं आणि नजर आईकडे न्यावी. आईने मान हलवली तर एखादं वाक्य पुढे बोलावं. ‘कोणाशीच बोलायचं नाही’ असा नियम या वयाला पाळता येत नाही, कारण वॉचमन आणि दुकानदारांशी आपणच बोलायला लावतो. त्याऐवजी ‘मी जवळ असताना बोलायचं, कुणाकडून काही घ्यायचं नाही आणि कुणाबरोबर जायचं नाही’ हा नियम मुलाला समजतो. तो पुन्हा पुन्हा सांगावा लागतो, आणि लक्ष ठेवायची जबाबदारी तरीही मोठ्यांचीच राहते.

कधी दाखवावं

निरुद्देश ‘हॅलो’ स्वतः आजाराचं लक्षण नाही. बघायचं असतं ते ‘हॅलो’नंतर काय होतं ते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2022 मध्ये सुधारलेल्या विकासाच्या यादीत, तीन वर्षांचं मूल संभाषणात किमान दोन फेऱ्या करतं आणि पाच वर्षांचं तीनपेक्षा जास्त फेऱ्या टिकवतं, असं म्हटलं आहे. त्या यादीत दिलेल्या वयाला चारपैकी किमान तीन मुलांना ती गोष्ट येत असते. म्हणजे एखादी गोष्ट आली नाही तर घाबरून जायचं नाही, पण ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणत वर्षभर थांबायचंही नाही.

आपण वर सांगितल्याप्रमाणे उत्तर देऊन, थांबून, दोन-तीन आठवडे बघितलं आणि तरीही मूल ‘हॅलो’ म्हणून उत्तराची वाट न बघता निघून जात असेल, आपलेच शब्द पोपटासारखे परत म्हणत असेल, बोलताना चेहऱ्याकडे बघत नसेल, बोट दाखवून काही दाखवत नसेल किंवा एकाच ठरलेल्या गोष्टीवर एकट्यानेच बोलत राहत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आधी बोलत असलेलं मूल बोलायचं कमी झालं असेल तर दोन आठवडेही थांबू नका.

कानाचा विचार नेहमी करावा. सर्दी वारंवार होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं आणि ऐकू येणं कमी-जास्त होतं. असं मूल ‘हॅलो’ स्वतः छान म्हणतं, पण आपण मागून दिलेलं उत्तर त्याला ऐकू येत नाही, म्हणून ते पुन्हा म्हणतं. समोरून बोलल्यावर नीट उत्तर देतं आणि पाठीमागून बोलल्यावर देत नाही, टीव्हीचा आवाज वाढवतं, ‘काय?’ असं सारखं विचारतं, अशी खूण दिसली तर श्रवणचाचणी करून घ्यावी. ही चाचणी लहान वयातही करता येते आणि दुखत नाही.

भायखळ्याहून जवळच्या जागा सांगायच्या तर मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयात वाक् आणि श्रवण विभाग आहे, परळला मुलांचं वाडिया रुग्णालय आहे आणि वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. अंगणवाडीत किंवा सरकारी शाळेत जाणाऱ्या मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून होते. तिथल्या पथकालाही बोलण्याबद्दलची शंका सांगता येते.

दवाखान्यात नवीन माणसांसमोर मूल बहुधा गप्प बसतं आणि पालकांना वाटतं, डॉक्टरांना खरं काय ते दिसलंच नाही. म्हणून येण्याआधी घरी मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचं बोलणं मुद्रित करून आणा. मूल आपणहून ‘हॅलो’ म्हणत आलं की सुरू करायचं, मोबाइल त्याला दिसणार नाही असा बाजूला ठेवायचा आणि नेहमीसारखं उत्तर द्यायचं. त्यात ‘बोल ना, बोल ना’ नको. मुलाचा आवाज, तुमचा आवाज आणि मधल्या शांतता, तिन्ही ऐकून आम्हाला बरंच कळतं.